आशुरा 5 जुलैला की 6 जुलैला? हिशोब घरी बसून करता येतो

2025 मध्ये आशुरा, म्हणजे मुहर्रम महिन्याचा दहावा दिवस, सौदीत 5 जुलैला होता आणि भारतात 6 जुलैला. दरवर्षी असं झालं की कोणीतरी विचारतंच, एकाच दिवसाच्या दोन तारखा कशा? कोणाचंही चुकलेलं नसतं, आणि हे समजून घ्यायला कागद, पेन आणि तीसचा पाढा एवढंच पुरतं.

मुहर्रम ज्यात पहिला येतो ते इस्लामी कॅलेंडरचं हिजरी वर्ष पूर्णपणे चंद्रावर चालतं. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात. अर्धा दिवस महिन्यात बसवणार कसा, म्हणून एक महिना 30 चा, पुढचा 29 चा असं आलटून पालटून धरायचं, मुहर्रम पहिला म्हणून तो 30 चा. बारा महिन्यांचे झाले 354. आपल्या पंचांगात चांद्र वर्ष मागे पडू लागलं की अधिक महिना टाकून ते ऋतूंशी जुळवून घेतात, इथे तसं काही नाही, उलट हिजरी सन 10 मध्ये असा जादा महिना टाकायला कायमची बंदी आली. म्हणून नवं वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतं आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. 2008 मध्ये तर ते दोनदा आलं, 10 जानेवारीला आणि परत 29 डिसेंबरला!

आता खरी गंमत. बारा चांद्र महिने म्हणजे नेमके 354 नाहीत, 354.367 दिवस. वरचे 0.367 तीस वर्षांत साठून जवळपास बरोबर 11 दिवस होतात. म्हणून तीस वर्षांच्या चक्रात 11 वर्षं 355 दिवसांची धरतात, जादा दिवस शेवटच्या जिल्हज महिन्याला मिळतो. हिजरी सनाला 30 ने भागायचं, आणि बाकी 2, 5, 7, 10, 13, 16, 18, 21, 24, 26 किंवा 29 आली तर ते वर्ष 355 चं. इतकं सोपं गणित सरासरी चंद्राच्या मागे अडीच हजार वर्षांत जेमतेम एक दिवस पडतं, मला तरी हे भारी वाटतं.

करून बघू. 1 मुहर्रम 1447 गणिताने 27 जून 2025 ला येतो. 1447 ला 30 ने भागलं की बाकी 7, म्हणजे वर्ष 355 चं. इंग्रजी वर्षापेक्षा दहा दिवस कमी, तर पुढचं नवं वर्ष, 1448, 17 जून 2026 ला. 1448 ची बाकी 8, ती यादीत नाही, म्हणजे 354 दिवस, त्यामुळे 1449 सुरू होणार 6 जून 2027 ला.

आशुरा म्हणजे मुहर्रमची दहा तारीख, मग पहिल्या तारखेत 9 मिळवायचे. 10 नाही! मी स्वतः पहिल्यांदा 10 मिळवले होते आणि एक दिवस पुढे गेलो होतो. 17 जून अधिक 9, म्हणजे 26 जून 2026. हीच रीत मागे नेली की करबलाच्या लढाईची तारीखही मिळते. पैगंबर मुहंमदांचे नातू इमाम हुसैन तिथे 10 मुहर्रम हिजरी सन 61 ला शहीद झाले, हिशोब 10 ऑक्टोबर 680 वर येऊन थांबतो (जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे), आणि इतिहासाच्या पुस्तकांतही हीच तारीख सापडते.

मग 5 आणि 6 जुलैचा घोळ कुठून आला? गणित सरासरी चंद्राचं आहे, आकाशातला चंद्र कधी थोडा पुढे कधी मागे असतो, आणि बऱ्याच ठिकाणी महिना सुरू होतो तो संध्याकाळी चंद्रकोर डोळ्यांना दिसली की. 25 जून 2025 ला अमावस्येचा क्षण भारतीय वेळेने दुपारी चारच्या सुमारास होता. सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम तीन तासांचा, आणि साधारण पंधरा तासांहून कोवळी कोर साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. मग कोर दुसऱ्या दिवशी, 26 ला दिसली आणि भारतात पहिली तारीख 27 ला धरली. सौदीच्या उम्म अल-कुरा कॅलेंडरमध्ये मात्र कोर दिसायलाच हवी असं नाही, मक्केत सूर्यास्ताआधी अमावस्या होऊन गेली असेल आणि चंद्र सूर्यानंतर मावळणार असेल तर पुढचा दिवस पहिला. तिथे 25 लाच दोन्ही अटी पूर्ण झाल्या, त्यामुळे 26 जून.

म्हणजे गणिताची तारीख एका दिवसाच्या फरकाने धरायची. 2026 लाही उम्म अल-कुराप्रमाणे नवं वर्ष 16 जूनला येतं आणि आशुरा 25 ला, आपल्या हिशोबापेक्षा एक दिवस आधी. आणि हिजरी दिवस मध्यरात्री नाही, सूर्यास्ताला बदलतो, तेव्हा 26 जूनचा आशुरा मुळात 25 च्या संध्याकाळीच सुरू झालेला असतो.