भोंग्याआधीची बांग : सुलेमानियेचा घुमट आणि मिनार

घुमटाखाली आवाज वाढतो, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात घुमट आवाज लांबवतो आणि बोलणाऱ्याची पंचाईत करतो. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद (1550-57) बांधताना वास्तुकार मिमार सिनानपुढे हीच अडचण होती. घुमटाचा व्यास सुमारे साडेसव्वीस मीटर आणि जमिनीपासून उंची सुमारे 53 मीटर. खालून निघालेला आवाज घुमटाच्या माथ्यावर आपटून परत यायला शंभरेक मीटरचा प्रवास करतो, म्हणजे साधारण 0.3 सेकंद उशिराने येतो. सेकंदाच्या विसाव्या भागाहून फार उशिरा आलेला ठळक आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो.

यातून सुटका उंचीनेच केली. घुमट म्हणजे आतून पोकळ वाटी. खालून आलेला आवाज ती साधारण अर्ध्या त्रिज्येवर, म्हणजे माथ्याखाली सहा-सात मीटरवर एकवटते. ही जागा नमाजींच्या डोक्यावर चाळीसेक मीटर उंच राहते आणि तिथून खाली येईतो आवाज पसरून विरळ होतो. विजापूरच्या गोलघुमटात (1656) माणूस घुमटाच्या पायथ्याच्या सज्जात उभा राहतो. तिथे कुजबुज भिंतीच्या कडेने सरकत पलीकडे स्पष्ट पोचते आणि एक टाळी अनेकदा घुमते. कबरीवरच्या इमारतीत ही गंमत ठीक, नमाजात नाही.

सुलेमानियेच्या घुमटात मातीचे घडे तोंड आत करून बसवले आहेत. घड्यातली हवा एका ठराविक स्वराला कंप पावते आणि तेवढ्याच स्वराचा थोडा जोर शोषून घेते. त्यामुळे फार मोठा फरक पडत असेल असं वाटत नाही. गालिचे आणि माणसांची गर्दी याहून जास्त आवाज शोषतात. घड्यांची तोंडं गिलाव्याने बुजली, तर तो थोडा उपयोगही संपतो.

इमाम मागच्या नमाजींकडे पाठ करून मिहराब या भिंतीतल्या कोनाड्यासमोर उभा असतो. कोनाड्याच्या वळणावरून त्याचा आवाज मागे परततो, पण शेवटच्या रांगेपर्यंत पुरत नाही. म्हणून उंच ओट्यावरचे मुअज्जिन, म्हणजे बांग देणारे, त्याची ‘अल्लाहू अकबर’ ही तकबीर पुन्हा उच्चारतात. पठणही संथ, स्वर ताणून होतं. आधीचं अक्षर घुमत असताना पुढचं घाईने म्हटलं, की नुसता गोंगाट उरतो.

बाहेरचं काम मिनाराचं. इथल्या चार मिनारांना मिळून दहा सज्जे आहेत. उंचीमुळे छपरं आणि भिंती आडव्या येत नाहीत. पण अंतर दुप्पट झालं, की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. त्यामुळे मिनार जास्त उंच करून फायदा होतोच असं नाही, उलट अगदी पायथ्याशी आवाज कमी ऐकू येतो. शिवाय मुअज्जिनचं अंग एकीकडे वळलं, की पाठीमागे आवाज मंदावतो. म्हणून सज्जा मिनाराला वेढून असतो आणि भोंग्याआधी मुअज्जिन त्यावर फिरून बांग देत असे. पहाटे जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा गार असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि फजरची बांग लांबवर जाते. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा तो वर उचलते, आणि त्याच गळ्याची जुहरची बांग अलीकडेच विरते.