स्टॉलचे बजेट नमुन्यांच्या यादीपासून सुरू करा

(प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

भोसरी, चाकण, चिंचवडमधून येणारा जवळजवळ प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो: "नऊ मीटरचा स्टॉल घेतलाय, डिझाइनसकट किती होतील?" एवढ्यावरून आम्ही आकडा सांगू शकत नाही, आणि सांगितला तर तो पुढे वाढतोच. स्टॉलचा खर्च मीटरवर जेवढा ठरतो, त्यापेक्षा जास्त तुम्ही स्टॉलवर काय मांडणार यावर ठरतो. बहुतेकांकडून नमुन्यांची यादी मात्र सगळ्यात शेवटी येते, कधी कधी माल गाडीत चढवायच्या आदल्या दिवशी. तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतला एक कारखाना हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉक बनवतो. बंगळुरूला चार दिवसांचे प्रदर्शन आहे. ३ मीटर बाय ३ मीटरचा, दोन बाजूंनी उघडा कोपऱ्याचा शेल स्कीम स्टॉल घेतला आहे. "चार-पाच ब्लॉक ठेवू आणि एक छोटा पॉवरपॅक चालवून दाखवू," एवढेच ठरले आहे.

ब्लॉक ३०० बाय १५० बाय १०० मिलिमीटरचा असेल तर त्याचे आकारमान साडेचार लिटर. स्टीलमध्ये त्याचे वजन ३५ किलो, अ‍ॅल्युमिनियममध्ये १२ किलो. शेल स्कीममध्ये भाड्याने मिळणाऱ्या काचेच्या शोकेसची फळी हलक्या वस्तूंसाठी असते. स्टीलचे दोन ब्लॉक म्हणजे ७० किलो, ते काचेवर ठेवायचेच नाहीत. त्यासाठी आतून आडव्या पट्ट्या दिलेला प्लायचा ठोकळा लागतो. तो पुण्यात बनवला तर दोन दिवसांचे काम. तिकडे मांडणीच्या रात्री आठवण झाली तर सुतार, प्लाय आणि लॅमिनेट सगळेच शोधत फिरावे लागते आणि मिळेल त्या भावाने घ्यावे लागते.

पॉवरपॅकचेही तसेच. शेल स्कीममध्ये साधारणपणे ५ अँपिअरचा एक सिंगल फेज सॉकेट मिळतो. त्यावर जास्तीत जास्त ११५० वॅट चालतात, म्हणजे टीव्ही आणि लॅपटॉप चार्जर. पॉवरपॅकची २ एचपीची मोटर दीड किलोवॅटची आणि थ्री फेज. शिवाय डायरेक्ट स्टार्टरवर ती सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून मोजून दीड किलोवॅट मागितले तर बटण दाबताच एमसीबी पडण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी आम्ही ३ किलोवॅटचे थ्री फेज कनेक्शन मागायला सांगतो. ते आयोजकाच्या एक्झिबिटर मॅन्युअलमधल्या फॉर्मवर, दिलेल्या तारखेच्या आत मागावे लागते. तारीख उलटली की जादा आकार लागतो, आणि कनेक्शन कधी कधी पहिल्या दिवशी दुपारी मिळते.

म्हणून यादीत प्रत्येक नमुन्यापुढे चार गोष्टी लिहा: लांबी-रुंदी-उंची, वजन, वीज लागते का आणि किती, आणि तो परत आणायचा की तिथेच द्यायचा. हा कागद मिळाला की आमचे ड्रॉइंग दोन-तीन दिवसांत होते. नसेल तर आम्ही अंदाजाने काढतो, तुम्ही बदलता, आम्ही पुन्हा काढतो.

यादी केली की अनेकदा नमुने आपोआप कमी होतात. या उदाहरणात पाचऐवजी दोनच ब्लॉक न्यावेत आणि त्यांतला एक मधून कापून, आतली एकमेकांत मिळणारी छिद्रे रंगवून ठेवावा. हायड्रॉलिकचा माणूस त्यापुढे थांबतो, बोट घालून बर राहिलाय का ते पाहतो आणि मग स्वतःच बोलू लागतो. एकसारखे पाच ब्लॉक ओळीने ठेवल्याने ते होत नाही.

आता पूर्ण हिशेब. खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या प्रदर्शनाचे दर त्या जागी घाला. सगळे आकडे जीएसटीशिवाय.

जागेचे भाडे ९ चौरस मीटरला १२,००० रुपयांनी १,०८,००० आणि कोपऱ्याचे १० टक्के मिळून १,१८,८००.

सहा पॅनेलची छपाई (मागची तीन, बाजूची तीन), दोन ठोकळे, एक काउंटर, जादा दिवे आणि भाड्याचा टीव्ही मिळून ५८,०००.

थ्री फेज वीज १२,०००.

प्रवास: तीन माणसे, जाऊन-येऊन माणशी ४,४०० प्रमाणे १३,२००. मांडणीच्या दिवसापासून पाच रात्री, दोन खोल्या, ३,५०० रुपयांनी ३५,०००. जेवण आणि तिथली ये-जा माणशी दिवसाला १,२०० धरून सहा दिवसांचे २१,६००. एकूण ६९,८००.

नमुने: ब्लॉक कापून तयार करणे १८,०००, लाकडी पेटीसह दोन्ही बाजूंची वाहतूक १४,०००, वाटायची पत्रके आणि छोट्या वस्तू १०,०००. एकूण ४२,०००.

प्रदर्शनानंतरच्या पाठपुराव्यासाठी २५,०००.

बेरीज ३,२५,६००. त्यावर १० टक्के हाताशी ठेवले तर सुमारे ३ लाख ५८ हजार. भाडे यात एक तृतीयांशच आहे. "भाडे भरले, आता थोडेसेच राहिले" असे समजणाऱ्यांचे गणित इथेच चुकते. मग पैसे कमी पडतात तेव्हा कापले जातात ते नमुने आणि पाठपुरावा, म्हणजे नेमक्या ज्या दोन गोष्टींसाठी स्टॉल घेतला त्याच.

भाडे, मांडणी आणि वीज यांवर १८ टक्क्यांनी सुमारे ३४ हजार रुपये जीएसटी आधी भरावा लागतो. क्रेडिट नंतर मिळते, पण रोख आज लागते. बुकिंगच्या फॉर्मवर स्वतःचा जीएसटी क्रमांक बरोबर लिहा. हॉटेलचे मात्र वेगळे आहे. बंगळुरूचे हॉटेल कर्नाटकचा जीएसटी लावते आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला त्याचे क्रेडिट घेता येत नाही, तेव्हा खोलीचे भाडे करासकटच खर्चात धरा. फुकट वाटलेल्या नमुन्यांवरचे क्रेडिटही मिळत नाही. परत येणारा माल डिलिव्हरी चलानवर पाठवा, आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल काढा. बाकी तपशील तुमच्या सीएंना विचारा.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्टॉलच्या भाड्यासाठी सरकारी मदत मिळू शकते. ती आधी खर्च करून मग परत मिळणारी असते. म्हणून ती बजेटमधून आधीच वजा करू नका.

चौकशा किती येतील?

हा आकडा जागा बुक करण्याआधी काढायचा, परत आल्यावर नव्हे. ९ मीटरच्या स्टॉलमध्ये काउंटर आणि ठोकळे ठेवल्यावर एका वेळी दोनच संभाषणे नीट होतात. तिसरा माणूस जेवायला गेलेला असतो किंवा दुसऱ्या हॉलमध्ये भेटीला. दिवसातले खऱ्या गर्दीचे तास पाच धरा, आणि नोंद करून पुढच्या माणसाकडे वळेपर्यंत बोलणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाचे तासाला चार जण. म्हणजे दिवसाला ४०, चार दिवसांत १६०. त्यांतले चौथा हिस्सा, ४० जण, खरोखर ड्रॉइंग पाठवतील असे धरू. एका चौकशीचा खर्च ८,९५० रुपये झाला. दहातली एक ऑर्डर पक्की झाली तर चार नवे ग्राहक, प्रत्येकामागे साडेएकोणनव्वद हजार. पहिल्या वर्षात एका नव्या ग्राहकाकडून तुम्हाला एवढे सुटत असतील, किंवा तो पुढची काही वर्षे टिकणारा असेल, तर हे प्रदर्शन परवडते. चौथा हिस्सा आणि दहातली एक ही प्रमाणे तुमच्या मागच्या वर्षीच्या चौकशांच्या वहीतून काढा. धंद्याधंद्यात ती खूप बदलतात.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते, आणि आमच्या बिलाला ती परवडणारी नसली तरी सांगतो. माणसे तीनच असतील तर १८ मीटरचा स्टॉल घेऊन चौकशा दुप्पट होत नाहीत. भाडे आणि मांडणी तेवढी दुप्पट होते. आधी बोलणारा माणूस वाढवा, मग जागा.

नोंद करताना नुसते व्हिजिटिंग कार्ड घेऊन डब्यात टाकू नका. चार दिवसांनी कोण कशासाठी आला होता ते आठवत नाही. या उदाहरणात कार्डामागे एवढे लिहिले तरी पुरे: दाब किती बार, प्रवाह किती लिटर, वर्षाला किती नग, कधी लागणार. ड्रॉइंग दाखवले तर त्याच्या परवानगीने फोटो. रात्री हे सगळे पुण्याला पाठवा आणि कोटेशन काढणारा माणूस पुण्यातच ठेवा. पहिल्या दिवसाच्या चौकशीचे कोटेशन प्रदर्शन संपायच्या आत गेले, तर तो ग्राहक शेवटच्या दिवशी पुन्हा स्टॉलवर येऊ शकतो. पाठपुराव्याचे २५,००० याच कामाचे आहेत.

आमच्या काही अटींबद्दल

नमुन्यांच्या यादीवर आणि ड्रॉइंगवर तुमची सही झाल्याशिवाय आम्ही छपाईला देत नाही. काहींना हे ताठरपणाचे वाटते. शेल स्कीमचे पॅनेल नावाला एक मीटरचे असते, पण खांबांमधली दिसणारी रुंदी त्याहून कमी भरते. सनबोर्डवर चिकटवलेले व्हिनाइल एकदा त्या मापाला कापले की फोन नंबरमधला एक आकडा बदलण्यासाठीही अख्खे पॅनेल पुन्हा करावे लागते. सहीनंतरच्या बदलाचे पैसे म्हणूनच वेगळे लावतो.

आमचे कोटेशन कधी कधी दुसऱ्यांपेक्षा जास्त दिसते. तुलना करताना चार गोष्टी विचारून घ्या: वाहतूक धरली आहे का, शेवटच्या संध्याकाळी स्टॉल उतरवायला माणूस आहे का, प्रदर्शन चालू असताना दिवा गेला किंवा पॅनेल सुटले तर तिथे कोण असेल, आणि ठोकळे तुमच्या मालकीचे की भाड्याचे. आमच्या दरात चारही गोष्टी येतात. तुमचे ठोकळे आणि काउंटर आम्ही सुटे होतील असे बनवतो, वर्षभर आमच्या शेडमध्ये ठेवतो आणि पुढच्या प्रदर्शनाला फक्त छपाईचे पैसे घेतो. मोशी किंवा चिंचवडच्या प्रदर्शनाला तेच वापरले की वाहतूकही वाचते.

जागा बुक करण्याआधी नमुन्यांची यादी, आयोजकाचा हॉल प्लॅन आणि मागच्या वर्षीची चौकशांची वही घेऊन या. तासाभरात वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडून देतो, त्याचे शुल्क घेत नाही. पैसे आधीच भरले असतील तर एक्झिबिटर मॅन्युअलही आणा, कारण त्यातल्या तारखा आधी पाहाव्या लागतील.