अपूर्ण केवायसीचे वॉलेट

ओळख पडताळणी पूर्ण न झालेले मोबाइल पाकीट. रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत ते 'लघु' पूर्वभरणा साधन होय. अशा पाकिटातली रक्कम फक्त वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी असते. ती दुसऱ्याला पाठवता येत नाही आणि रोखीने काढता येत नाही.

या बंधनाचा उगम कधीचा, याबाबत दोन मते दिसतात. काही जण तो २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत नेतात, कारण त्यांतील अर्धबंद, म्हणजे ठराविक विक्रेत्यांकडेच चालणाऱ्या साधनांतूनही रोख काढता येत नसे. दुसरे मत ऑक्टोबर २०१७ चे निर्देश मूळ मानते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. किमान माहितीवर उघडलेल्या पाकिटातून पैसे पाठवण्यावरची बंदी, आणि असे पाकीट ठराविक मुदतीत पूर्ण केवायसीचे केले पाहिजे ही अट, दोन्ही तेथून आली. मुदत आधी १२ महिन्यांची होती, ती पुढे वाढून २४ महिन्यांवर गेली. मुदत टळली तर नवा भरणा थांबतो. आधीची शिल्लक मात्र खरेदीला वापरता येते. डिसेंबर २०१९ मध्ये रोख भरणा नसलेला निराळा प्रकार आला, त्याला ही मुदत लागू नाही.

असे पाकीट उघडायला ओटीपीने तपासलेला मोबाइल क्रमांक, स्वतः सांगितलेले नाव आणि एका ओळखपत्राचा क्रमांक पुरतो. नाव खरे आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. पैसे पाठवण्याची मुभा अशा पाकिटाला दिली, तर रक्कम कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधणे अवघड होईल. बंदीमागे हेच कारण दिसते.

२०२१ च्या निर्देशांनुसार शिल्लक आणि महिन्याचा भरणा या प्रत्येकाला १०,००० रुपयांची मर्यादा आहे; रोख भरणा चालणाऱ्या प्रकारात महिन्याच्या खर्चालाही तीच आहे. वर्षाचा भरणा १,२०,००० रुपयांच्या आत हवा. समजा, हिंगोली जिल्ह्यातून लातूरला शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या बँक खात्यातून पाकिटात ७,००० रुपये भरले आणि १,८०० ची पुस्तके घेतली. शिल्लक ५,२०० असूनही खोलीमालकाला ४,००० भाडे पाठवताना व्यवहार नाकारला जातो. शिल्लकीत ४,८०० ची जागा दिसते, पण त्या महिन्यात आणखी ३,००० च भरता येतील. त्याच अॅपमधून यूपीआयने भाडे जाते, कारण ते पैसे पाकिटातले नसून थेट बँक खात्यातले असतात. नेमका येथेच गोंधळ होतो.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पाकीट बंद करणे. तेव्हा शिल्लक ज्या खात्यातून भरली त्या खात्यात परत घेता येते. दुसरा, पूर्ण केवायसी करून घेणे. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल तर ओटीपी येत नाही, आणि आधार व पॅनवरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग जुळत नसेल तर पडताळणी अडकू शकते. दोन्हींची दुरुस्ती आधी करावी लागते.