मोबाइल सुरळीत, टीव्ही अडखळतो: दोष नेमका कुठे?

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका परिचितांच्या फ्लॅटमध्ये राउटर दिवाणखान्यात मुख्य दारावर बसवलेला आहे आणि स्मार्ट टीव्ही आतल्या खोलीच्या भिंतीवर. त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, राउटरच्या दिशेने, लोखंडी कपाट उभे आहे. इंटरनेटची जोडणी 100 एमबीपीएसची असून मोबाइलवर व्हिडिओ अखंड चालत असे, टीव्हीवर मात्र दर काही मिनिटांनी चित्र थांबून गोल चक्र फिरू लागे. घरच्यांचा संशय टीव्हीवर होता.

अशा वेळी मोबाइल आणि टीव्ही यांची तुलना आधी न्याय्य करून घ्यावी लागते. वाय-फाय कमकुवत झाले की अनेक मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातात. शिवाय लहान पडद्यासाठी ॲप बहुधा कमी तपशिलाचे चित्र मागवते. म्हणून मोबाइल डेटा बंद करून मोबाइल टीव्हीच्या अगदी पाठीशी धरला आणि fast.com वर वेग पाहिला. तो 80 एमबीपीएसच्या आसपास होता. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये हीच चाचणी केली तेव्हा वेग 6 ते 8 एमबीपीएसमध्ये घुटमळत राहिला. नेटफ्लिक्सची शिफारस एचडी चित्रासाठी 5 आणि फोरकेसाठी 15 एमबीपीएसची आहे. म्हणजे हा टीव्ही एचडी जेमतेम ओढू शकत होता आणि फोरके त्याच्या आवाक्याबाहेर होते.

राउटरची सेटिंग उघडल्यावर पहिले कारण दिसले. मोबाइल 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर होता आणि टीव्ही 2.4 च्या. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यामुळे टीव्हीने आपणहून 2.4 निवडला होता, कारण या पट्ट्याच्या लहरी भिंतीतून कमी क्षीण होतात आणि त्यांचा सिग्नल अधिक ठळक दिसतो. मात्र ठळक सिग्नल म्हणजे मोकळा रस्ता नव्हे. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे नेहमीच्या वापरातले चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आणि दाटीच्या इमारतीत शेजारच्या प्रत्येक घराचा राउटर त्यांतच बोलत असतो.

आता मोबाइलही मुद्दाम 2.4 वर आणला. त्याच जागी, त्याच पट्ट्यावर त्याला सुमारे 28 एमबीपीएस मिळाले, म्हणजे टीव्हीच्या तिपटीहून अधिक. उरलेला हा फरक अँटेनाचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. टीव्हीचा वाय-फायचा तुकडा बोटाएवढा असतो आणि तो मागच्या झाकणाआड, बहुधा पडद्याच्या खालच्या कडेजवळ बसवतात. त्याच्या एका बाजूला पडद्यामागचा धातूचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला भिंत येते. मोबाइल हातात फिरवून दिशा बदलता येते, भिंतीवरच्या टीव्हीला ती सोय नाही. यूएसबी 3.0 चा पेनड्राइव्ह मागे लावलेला असेल तर तो काढून पुन्हा चाचणी करावी, कारण त्याच्या विद्युत गोंगाटाचा 2.4 च्या पट्ट्याला उपद्रव होतो.

डीएनएसचा संशय घेण्यापूर्वी चक्र केव्हा फिरते ते पाहावे. डीएनएसचे काम संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता शोधून देण्याचे. ते मंद असेल तर ॲप उघडायला आणि चित्रांची रांग उमटायला वेळ लागतो, पण व्हिडिओ एकदा सुरू झाला की तो सहसा चालत राहतो. येथे उलट होते: ॲप झटकन उघडे आणि चित्र मध्येच थांबे. अपवाद एवढाच की डीएनएसच्या उत्तरावरून दूरचा सर्व्हर वाट्याला आला तर मध्येही अडखळणे होऊ शकते. पडताळण्यासाठी 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 हा सार्वजनिक डीएनएसचा पत्ता देऊन पाहावा, परंतु तो राउटरमध्ये. अनेक टीव्हींमध्ये डीएनएस बदलताना आयपी पत्ताही हाताने भरावा लागतो आणि तो चुकला तर जोडणीच तुटते. या घरी डीएनएस बदलून काहीच फरक पडला नाही.

मग दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन टीव्ही 5 गिगाहर्ट्‌झवर नेला. आधी त्याला ते नावच दिसेना, कारण राउटर 100 क्रमांकाच्या चॅनेलवर होता आणि 52 ते 144 मधले चॅनेल काही टीव्हींना वापरता येत नाहीत. चॅनेल 36 करताच नाव दिसले. तरी वेग 11 एमबीपीएसवरच अडला, कारण या पट्ट्याच्या लहरी भिंतीत जास्त क्षीण होतात आणि कपाटाचा पत्रा त्यांना बराच अडवतो; उरलेला सिग्नल मोबाइलला पुरला तरी टीव्हीच्या दबलेल्या अँटेनाला पुरत नव्हता. राउटर बोळकांडीत, कपाटाला वळसा पडेल अशा ठिकाणी हलवल्यावर वेग 40 च्या पुढे गेला आणि फोरके चित्र न थांबता चालू लागले. फायबरची तार काचेची असल्याने ती घरच्या घरी ओढाताण करून न वळवता तंत्रज्ञाकडून हलवून घेतली.

राउटर हलवणे शक्य नसेल तर लॅनची केबल उत्तम. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएसपर्यंतच मर्यादित असतो, पण फोरकेला त्याचा पाचवा हिस्साही पुरतो.