क्वोशंट स्पेस आणि पूरक सबस्पेस: मिती सारखी, वस्तू वेगळ्या

V हा सदिश अवकाश आणि W ही त्यातली सबस्पेस दिली की V/W ही क्वोशंट स्पेस तयार होते. तिची मिती dim V − dim W. आता W ची कोणतीही पूरक सबस्पेस U घ्या, म्हणजे V = U ⊕ W होईल अशी. तिचीही मिती तेवढीच. आकडे जुळतात म्हणून बरेच जण V/W म्हणजे "V मधून W काढल्यावर उरलेला भाग" असं धरून चालतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. V/W मध्ये काहीच काढून टाकलेलं नसतं. V मधला प्रत्येक सदिश तिथे असतोच, फक्त ज्या दोन सदिशांची वजाबाकी W मध्ये पडते ते दोघे एकच मानले जातात.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. V = R³ आणि W ही w = (1, 1, 2) या सदिशाच्या पटींची, आरंभबिंदूतून जाणारी रेषा.

v = (3, 5, 4) घ्या. त्याचा कोसेट v + W म्हणजे (3+t, 5+t, 4+2t) हे सगळे बिंदू, म्हणजेच W ला समांतर असलेली एक रेषा. ही अख्खी रेषा हा V/W चा एक घटक. t = −2 घेतलं तर (1, 3, 0) मिळतो. तो त्याच रेषेवर आहे, म्हणून (3, 5, 4) + W आणि (1, 3, 0) + W ही एकाच घटकाची दोन नावं झाली. V/W चा शून्य घटक म्हणजे W स्वतः. बाकीच्या समांतर रेषा आरंभबिंदूतून जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यापैकी एकही R³ ची सबस्पेस नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: प्रत्येक घटक जर एकमितीय रेषा आहे, तर V/W ची मिती दोन कशी? मिती मोजायची ती घटकाच्या आकाराची नव्हे, तर वेगवेगळे घटक ओळखायला किती स्वतंत्र आकडे लागतात त्याची. आपल्या रेषेवरून सरकताना x, y, z तिन्ही बदलतात, पण y − x आणि z − 2x बदलत नाहीत. (3, 5, 4) साठी ते 2 आणि −2. (1, 3, 0) साठीही 2 आणि −2. आणि हे दोन्ही आकडे जुळले तर दोन बिंदूंमधला फरक (t, t, 2t) याच रूपाचा असतो, म्हणजे कोसेट एकच. दोन आकड्यांत काम भागलं, म्हणून मिती दोन.

हेच बेसिसच्या भाषेत करायचं तर सुरुवात W च्या बेसिसपासून करा आणि तो V च्या बेसिसपर्यंत वाढवा. इथे w, e₂ = (0, 1, 0), e₃ = (0, 0, 1) चालतात, कारण

(x, y, z) = x·w + (y − x)·e₂ + (z − 2x)·e₃

कोसेटमध्ये w चं पद शून्य होतं आणि e₂ + W, e₃ + W हे दोन उरतात. ते स्वतंत्र आहेत का, हेही तपासायला हवं. a·e₂ + b·e₃ जर W मध्ये असेल तर (0, a, b) = (t, t, 2t). पहिल्या घटकावरून t = 0, मग a = b = 0. म्हणजे 3 − 1 = 2.

ही पायरी गाळली की चूक होते. (1, 0, 0) आणि (0, 1, 2) हे R³ मध्ये स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांचे कोसेट बेसिस होतील असं वाटतं. पण त्यांची बेरीज (1, 1, 2) आहे, म्हणजे w. त्यामुळे V/W मध्ये त्यांची बेरीज शून्य आणि दोघे परस्परावलंबी. साधी चाचणी अशी: निवडलेले दोन सदिश आणि w मिळून 3 × 3 निश्चयक काढा. तो शून्य आला तर निवड बाद.

आता पूरक सबस्पेस. U₁ म्हणजे x = 0 हे प्रतल आणि U₂ म्हणजे z = 0 हे प्रतल. दोन्हींत w नाही, म्हणून दोन्ही W ची पूरक आहेत. आपली रेषा U₁ ला (0, 2, −2) इथे छेदते आणि U₂ ला (1, 3, 0) इथे. w च्या दिशेने येणारे समांतर किरण आणि त्यांच्यासमोर धरलेला पडदा अशी कल्पना करा. किरण हा V/W चा घटक. पडदा कुठे धरता त्यावर ठिपका कुठे पडेल ते ठरतं. पडदा निवडलात तर प्रत्येक कोसेटचा एक ठरावीक प्रतिनिधी मिळतो आणि U व V/W यांच्यात एकास एक रेषीय जोडी लागते. पण पडदा बदलला की प्रतिनिधी बदलतो, कोसेट मात्र तोच राहतो. किरणांना समांतर पडदा अर्थात निरुपयोगी: x = y या प्रतलात w आहे, आणि आपल्या रेषेवर y − x कायम 2 असल्याने ती त्या प्रतलाला कधी भेटतच नाही.

"मग लंब प्रतलच घ्यावं, वाद मिटला" असं कोणी म्हणेल. R³ मध्ये ते चालतं: x + y + 2z = 0 घेतल्यास प्रतिनिधी (1/3, 7/3, −4/3) येतो. पण त्यासाठी अंतर्गुणाकार लागतो, जो क्वोशंटच्या व्याख्येत कुठेच नाही. शिवाय सहगुणक मॉड्युलो 3 घेतले तर w·w = 1 + 1 + 4 = 6 = 0, म्हणजे w स्वतःलाच लंब होतो आणि "लंब प्रतल" W ला पोटात घेऊन बसतं. V/W ला तिथेही काही अडचण नाही: एकूण 27 सदिश, प्रत्येक कोसेटमध्ये तीन, म्हणून नऊ कोसेट, आणि 9 = 3² म्हणजे मिती दोन.

व्यवहारात दोन्हींतला फरक सर्वांत जास्त टोचतो तो फल लिहिताना. U₂ वर f(x, y, z) = x + y हे फल बिनदिक्कत चालतं. V/W वर ते चालत नाही: (3, 5, 4) ला 8 मिळतात आणि त्याच कोसेटमधल्या (1, 3, 0) ला 4. V/W वर रेषीय फल अर्थपूर्ण व्हायचं तर f(w) = 0 हवं; y − x आणि z − 2x तसे आहेत, आणि अशी बाकीची सगळी रेषीय फलं या दोघांच्याच संयोगातून मिळतात.

अनंत मितीत वजाबाकीचं सूत्र जपून वापरा. सगळ्या बहुपदींची स्पेस आणि x² ने भाग जाणाऱ्या बहुपदींची सबस्पेस, दोन्ही अनंतमितीय, पण क्वोशंटची मिती दोन, कारण 1 आणि x यांचे कोसेट पुरतात. त्याच स्पेसला फक्त सम घातांच्या बहुपदींनी क्वोशंट केलं तर मिती अनंत येते. "अनंत वजा अनंत" दोन्हीकडे सारखंच, उत्तरं वेगळी. म्हणून तिथे वजाबाकीच्या भरवशावर न राहता कोसेटचा बेसिस थेट शोधावा लागतो.