कामगारकपात, ले-ऑफ आणि क्लोजर

कामगार कायद्यात काम थांबण्याचे हे तीन वेगळे प्रकार आहेत. ले-ऑफमध्ये नोकरी चालूच असते, मस्टरवर नाव असतं, फक्त मालक काम देऊ शकत नाही. कपातीत, म्हणजे रिट्रेंचमेंटमध्ये, नोकरी संपते पण कारखाना चालू राहतो, आणि क्लोजर म्हणजे कारखाना किंवा त्याचा एखादा भाग कायमचा बंद. टाळेबंदी या तिन्हींत बसत नाही, तो वाद चालू असताना वापरायचा दबाव आहे. आधी हे सगळं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं (ले-ऑफ आणि कपातीची कलमं १९५३ च्या दुरुस्तीने आली), आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बराचसा मजकूर तोच ठेवलाय, त्यामुळे जुने निकाल अजून उपयोगी पडतात.

कपात आणि क्लोजर वेगळे कसे झाले याची गोष्ट थेट बडोद्याशी जोडलेली आहे. १९५३ च्या व्याख्येत कपात म्हणजे मालकाने 'कोणत्याही कारणासाठी' केलेली सेवासमाप्ती, शिक्षा म्हणून काढलेलं, स्वेच्छानिवृत्ती, वयानुसार निवृत्ती आणि सततचं आजारपण सोडून. मग गिरणीच कायमची बंद केली तर ती कपात का नाही, असा प्रश्न येणारच. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १ जानेवारी १९५४ ला ताब्यात घेतली तेव्हा कंपनीने आदल्या दिवशी सगळ्यांची नोकरी संपवली, आणि बडोद्याच्या श्री दिनेश मिल्समध्येही क्लोजरवरून हाच दावा उभा राहिला. दोन्ही प्रकरणं सुप्रीम कोर्टात एकत्र ऐकली गेली (हरिप्रसाद शुक्ला विरुद्ध दिवेलकर, निकाल २७ नोव्हेंबर १९५६). कोर्ट म्हणालं की चालू धंद्यातले जास्तीचे कामगार कमी करणं म्हणजे कपात, धंदाच उरला नाही तर कपात कशाची, म्हणून भरपाई नाही.

सरकारने लगेच दुरुस्ती आणली आणि ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू धरली, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून. मालकी बदलली किंवा कारखाना बंद झाला तर कामगाराला 'जणू कपात झाली' असं धरून भरपाई द्यायची, हे तेव्हापासून आलं. मात्र ज्यांच्या खटल्यामुळे हे कलम आलं त्यांची गिरणी त्या तारखेच्या आधीच बंद झाली होती, तेव्हा नव्या कलमाचा त्यांना फायदा नाही.

जास्तीचे कामगार हा निकष मात्र टिकला नाही. १९७६ च्या सुंदरा मनी प्रकरणात स्टेट बँकेतली नऊ दिवसांची नेमणूक आपोआप संपली तरी ती कपातच, असं कोर्टाने ठरवलं, आणि पुढे दोन्ही मतं बरीच वर्षं शेजारीशेजारी चालली. १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंट प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी रुंद अर्थ उचलला, म्हणजे शिक्षा आणि कायद्याने वगळलेले प्रकार सोडून मालकाकडून झालेली जवळपास प्रत्येक सेवासमाप्ती कपात. कायद्याच्या शब्दांशी हाच अर्थ जास्त जुळतो. दरम्यान १९८४ च्या दुरुस्तीने मुदत संपून नूतनीकरण न झालेला करार वगळला होता, आणि संहितेत ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुदत पूर्ण होणंही वगळलंय. आजचे बरेच वाद खरं तर याच फटीत असतात.

आता अटी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतलं एक काल्पनिक मशीन शॉप घेऊ, सत्तर कामगार, त्यातल्या एका फिटरची नोकरी सात वर्षं आठ महिने, सरासरी पगार महिना २४,००० रुपये. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा धरतात, आणि पगारी रजा, ले-ऑफचे दिवसही त्यात मोजले जातात. त्याला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार हवा, शिवाय दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून इथे आठ वर्षं. पंधरा दिवस म्हणजे निम्मा महिना, १२,०००. ग्रॅच्युइटीसारखं २६ ने भागायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये स्पष्ट केलंय, तरी हिशोबात ही गल्लत होते. तर ९६,००० भरपाई, नोटीस न देता काढलं तर वर २४,०००, आणि ग्रॅच्युइटी वेगळी.

पण रक्कम बरोबर असून चालत नाही, वेळही बरोबर लागते. भरपाई कामावरून काढतानाच द्यावी लागते, 'पुढच्या महिन्यात हिशोब घेऊन जा' म्हटलं की कपात मुळातच बेकायदा ठरू शकते. सरकारला कळवायची अट मात्र कोर्टाने एवढी कडक मानलेली नाही. त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, आणि वेगळं करायचं तर कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर जुन्याला आधी विचारायचं, ही वर्षाची मर्यादा संहितेने घातली, पूर्वी ती नव्हती.

तोच कारखाना बंद केला तर साठ दिवस आधी सरकारला नोटीस, ही अट पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर. भरपाईचा आकडा तोच, पण बंद होण्याचं कारण मालकाच्या हाताबाहेरचं असेल तर कमाल तीन महिन्यांचा पगार, म्हणजे आपल्या फिटरला ९६,००० ऐवजी ७२,०००. म्हणून 'हाताबाहेरचं' यावरच भांडण होतं. पैशाची अडचण, पडून राहिलेला माल, भाडेपट्टा संपणं एवढ्यानेच हे कारण होत नाही असं कायदाच सांगतो. आणि इथे भरपाई आधी दिलीच पाहिजे अशी अट नाही (हाथीसिंग, १९६०), त्यामुळे बंद गिरण्यांचे पैसे वर्षानुवर्षं लटकतात.

ले-ऑफला वीज, कच्चा माल, मशीन बिघाड, साचलेला माल, नैसर्गिक आपत्ती अशी कारणं लागतात. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर वर्षभर झालेल्या, बदली किंवा नैमित्तिक नसलेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा निम्मा, साप्ताहिक सुट्ट्या सोडून. बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवस झाले की मालक-कामगारांत तसा करार असेल तर पुढची भरपाई थांबते किंवा मालक कपात करू शकतो. गेटवर रोज एकदा हजेरी द्यावीच लागते. सकाळी आला, दोन तासांत काम मिळालं नाही, तर तो दिवस ले-ऑफ. पण 'दुपारी या' म्हणून बोलावलं आणि दुपारीही काम दिलं नाही, तर दुसऱ्या अर्ध्या पाळीचा पूर्ण पगार द्यावा लागतो. पन्नासच्या खाली हे कलम नाही, मात्र मालकाला मन मानेल तसा ले-ऑफ देता येतो असंही नाही: फायरस्टोन प्रकरणात (१९७६) कोर्ट म्हणालं की करारात किंवा स्थायी आदेशात अधिकार नसेल तर पूर्ण पगार देय.

मोठ्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना यावर सरकारची आगाऊ परवानगी लागते. मोठा म्हणजे किती कामगारांचा, हा आकडा १९७६ मध्ये ३००, मग १०० आणि संहितेत पुन्हा ३०० झाला. कपातीला तीन महिन्यांची नोटीस, क्लोजरला नव्वद दिवस आधी अर्ज, आणि अर्जाला साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. वीज गेली किंवा पूर आला म्हणून दिलेल्या ले-ऑफला परवानगी नको. संहितेत एक नवीन भर म्हणजे कपात झालेल्या प्रत्येकासाठी मालकाने पंधरा दिवसांचा शेवटचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा, वरच्या ९६,००० पेक्षा वेगळा.