नऊपैकी सात: एका गुणपद्धतीचा शिकागो ते भोसरी प्रवास

भोसरी-चाकण पट्ट्यातला एखादा मध्यम कारखानदार दुसरा कारखाना विकत घ्यायचं म्हणतो, तेव्हा पहिल्या बैठकीत वीस-पंचवीस कंपन्यांची यादी टेबलावर येते. प्रत्येकीच्या नावापुढे अलीकडे एक आकडा दिसतो: ९ पैकी ७, ९ पैकी ४. सहाच्या खालच्या कंपन्या चहा येईपर्यंत यादीतून कटतात. हा आकडा आला कुठून आणि मुळात कशासाठी काढला गेला, हे त्या टेबलावर सहसा कोणी विचारत नाही.

ताळेबंदावरून कंपनीची प्रकृती ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. १९६८ मध्ये एडवर्ड ऑल्टमन यांनी ६६ अमेरिकी उत्पादक कंपन्या घेतल्या. त्यातल्या निम्म्या दिवाळखोरीत गेलेल्या होत्या. त्यांच्या आकड्यांवरून पाच गुणोत्तरांचं सूत्र तयार झालं, तोच झेड-स्कोअर. त्याचा प्रश्न एकच होता: ही कंपनी बुडेल का? १९९६ मध्ये रिचर्ड स्लोन यांनी वेगळी गोष्ट दाखवली. ज्या नफ्यामागे रोकड नसते, तो पुढच्या वर्षी टिकण्याची शक्यता कमी असते आणि शेअर बाजाराच्या हे वेळेवर लक्षात येत नाही.

या दोन्ही धाग्यांचा उपयोग करून शिकागो विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे अध्यापक जोसेफ पिओट्रोस्की यांनी २००० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न मर्यादित होता. पुस्तकी मूल्याच्या मानाने फार स्वस्त मिळणारे शेअर सरासरीने चांगला परतावा देतात, पण ती सरासरी थोड्या कंपन्यांच्या जोरावर उभी असते. निम्म्याहून अधिक कंपन्या बाजारापेक्षा मागेच पडतात. मग त्यातल्या सावरणाऱ्या कोणत्या आणि आणखी घसरणाऱ्या कोणत्या, हे केवळ छापील हिशेबावरून सांगता येईल का?

त्यांनी नऊ खुणा निवडल्या आणि प्रत्येकीला शून्य किंवा एक गुण दिला. नफा आहे का, धंद्यातून रोकड आली का, मालमत्तेवरचा परतावा गेल्या वर्षीपेक्षा वाढला का, आणि रोकड नफ्यापेक्षा जास्त आहे का, या नफ्याच्या चार. दीर्घ मुदतीच्या कर्जाचं प्रमाण घटलं का, चालू मालमत्ता वर्षभरात द्यायच्या देण्यांच्या किती पट हे सांगणारा करंट रेशो सुधारला का, नवे शेअर विकावे लागले नाहीत ना, या कर्ज आणि निधीच्या तीन. ढोबळ नफ्याचं प्रमाण आणि मालमत्तेच्या तुलनेत विक्री वाढली का, या कार्यक्षमतेच्या दोन. ऑल्टमन यांच्या सूत्रासारखे भारांक नाहीत, नुसती बेरीज. १९७६ ते १९९६ या काळात अशा स्वस्त कंपन्यांमधून सशक्त तेवढ्या निवडल्या असत्या, तर वार्षिक परतावा सरासरीपेक्षा किमान साडेसात टक्के बिंदूंनी वाढला असता, असं त्यांना आढळलं. हा फायदा मुख्यतः लहान-मध्यम आणि विश्लेषकांचं लक्ष नसलेल्या कंपन्यांमध्ये होता. खरेदीदारांना ही पद्धत भावली ती बहुधा यामुळेच, कारण विकायला असलेले कारखाने नेमके असेच असतात.

मात्र नऊपैकी सहा खुणा गेल्या वर्षाच्या तुलनेत झालेला बदल किंवा वर्षभरातली एखादी घटना मोजतात. कंपनी मुळात किती मजबूत आहे, हे त्या सांगत नाहीत. शिवाय व्याख्या अमेरिकी हिशेबपद्धतीतल्या आहेत. आपल्याकडे त्या उतरवताना कुठे सांडतात, हे एका उदाहरणावरून पाहू. कंपनी कल्पित आहे, पण असे ताळेबंद मी बरेच पाहिले आहेत.

भोसरीतला मशीन केलेले सुटे भाग बनवणारा कारखाना. विक्री ९० कोटींवरून १०० कोटी झाली. वर्षाच्या सुरुवातीची मालमत्ता आधीच्या वर्षी ६० कोटी, यंदा ६४ कोटी. निव्वळ नफा ३ वरून ४ कोटी, म्हणजे परतावा ५ वरून सव्वासहा टक्के. धंद्यातून आलेली रोकड १.६ कोटी. दीर्घ मुदतीचं कर्ज १४ वरून ११ कोटी. कच्चा माल वजा जाता ढोबळ नफा ३८ वरून ३९ टक्के. नवे शेअर नाहीत. करंट रेशो १.३० वरून १.२२ झाला म्हणून एक गुण गेला, रोकड नफ्याहून कमी म्हणून दुसरा. बेरीज ७. यादीत वरचं स्थान पक्कं.

आता कर्ज पाहू. पिओट्रोस्की यांच्या व्याख्येत दीर्घ मुदतीच्या कर्जात येत्या वर्षात फेडायचा हप्ताही धरलेला आहे. आपल्या ताळेबंदात तो हप्ता वेगळा, अल्प मुदतीच्या कर्जाखाली दिसतो आणि एक्सेल शीट बनवणारा तो हमखास विसरतो. या कंपनीत तो २ वरून ७ कोटी झाला आहे. म्हणजे एकूण १६ चे १८ कोटी. सरासरी मालमत्तेशी प्रमाण २५.८ वरून २६.५ टक्के. कर्ज घटलेलं नाही, ओळ बदलून बसलं आहे. करंट रेशो का घसरला, त्याचं एक कारणही इथेच सापडतं. एक गुण गेला.

ढोबळ नफ्याची गोष्ट जास्त पुणेरी आहे. आपल्या नफा-तोटा पत्रकात खर्च प्रकारानुसार मांडतात. विकलेल्या मालाचा एकत्रित खर्च अशी ओळच नसते, ती आपण जुळवायची. इथले कारखाने प्लेटिंग, उष्णतोपचार, कधी मशीनिंगसुद्धा बाहेरून जॉबवर्कवर करून घेतात आणि ती बिलं बऱ्याचदा ‘इतर खर्च’ात पडतात. इथे जॉबवर्क ९ वरून १२ कोटी झालं. ते धरलं, तर ३८ चे २८ टक्के आणि ३९ चे २७ टक्के. सुधारणेच्या जागी घसरण. दुसरा गुण गेला.

तिसरी जागा सर्वांत कमी लोकांना माहीत असते. अमेरिकेत भरलेलं व्याज धंद्यातल्या रोकडीतूनच वजा होतं. आपल्याकडे वित्तसंस्था सोडून इतर कंपन्या ते निधी-उभारणीच्या भागात दाखवतात. त्यामुळे तोच कारखाना आपल्या पत्रकात अधिक रोकडवान दिसतो. या कंपनीचं व्याज २.१ कोटी आहे. १.६ मधून ते काढलं की उणे ०.५ कोटी. तिसराही गुण गेला. ७ चे ४ झाले, आणि यात कोणी खोटं काही लिहिलेलं नाही!

उलट चूकही होते. प्रवर्तकाने घरचे पैसे शेअर भांडवल म्हणून घातले, तर ही पद्धत गुण कापते. मूळ तर्क असा की अडचणीतली कंपनी बाजारात शेअर विकते. कुटुंबाच्या कंपनीत त्याचा अर्थ बरोबर उलटाही असू शकतो. नवी शेड नुकतीच सुरू झाली असेल, तर मालमत्तेच्या तुलनेत विक्री घसरते आणि तिथेही गुण जातो. पूर्ण कंपनी घेणाऱ्यासाठी हीच स्वस्तातली संधी असू शकते, कारण ऑर्डर त्याच्या हातात असतात. शेअर घेणाऱ्याकडे असा काही इलाज नसतो. एकच ४ हा आकडा म्हणून दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. त्यामुळे माझ्या यादीत मी बेरजेशेजारी गेलेल्या गुणांची नावं लिहितो.

आपल्या कल्पित कारखान्यात उरलेल्या चारपैकी तीन गुणांच्या मागे वाढलेली विक्री आणि नफा आहे, म्हणून पुढचा कागद मागायचा तो येण्यांच्या वयाचा. येणी १८ वरून २३ कोटी झाली आहेत. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यातली बिलं किती, त्यातली एप्रिल-मे मध्ये वसूल किती झाली आणि किती माल क्रेडिट नोट लागून परत आला, हे बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहायचं.